खांदेबदल : सरळ की उलटा?

खांद्याचा सांधा उखळीचा म्हणून ओळखला जातो. प्रत्यक्षात त्याची खोबण, म्हणजे ग्लेनॉइड, बशीसारखी उथळ असते. दंडाच्या हाडाचा गोल माथा तिच्या मधोमध राखण्याचे काम 'रोटेटर कफ' हा चार स्नायूंचा समूह करतो. त्यामुळे संधिवाताने झिजलेला खांदा बदलताना पहिला प्रश्न असतो तो या कफच्या स्थितीचा.

कफ शाबूत असेल तर मूळ रचनेप्रमाणेच कृत्रिम सांधा बसविता येतो. दंडाला धातूचा गोळा आणि खोबणीला प्लास्टिकचे अस्तर, ही झाली 'अ‍ॅनाटॉमिकल' पद्धत. मात्र कफ फाटलेला असताना हाच सांधा बसविल्यास डेल्टॉइड स्नायू गोळ्याला वर खेचतो. मग अस्तराच्या एकाच कडेवर भार येऊन ते डुगडुगते आणि कालांतराने सैल होते.

या अडचणीवर फ्रान्समधील शल्यविशारद पॉल ग्रामाँ यांनी १९८५ मध्ये उलटी रचना पुढे आणली. तीत गोळा खोबणीच्या जागी आणि वाटी दंडावर असते. सांध्याचे फिरण्याचे केंद्र आत व खाली सरकल्याने डेल्टॉइडला अधिक जोर मिळतो आणि कफवाचूनही हात वर जातो. अर्थात डेल्टॉइड व त्याची नस शाबूत असणे ही त्यासाठीची अट आहे.

दुसरा प्रश्न झिजेचा. फ्रेंच शल्यविशारद जिल वॉल्श व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये तिचे वर्गीकरण केले. 'ए' प्रकारात खोबण मधोमध झिजते. 'बी' प्रकारात माथा मागे सरकतो. त्यातील 'बी-२' मध्ये मागची बाजू झिजून एका खोबणीच्या दोन होतात. 'सी' प्रकारात खोबण मुळातच २५ अंशांहून अधिक मागे कललेली असते.

समजा, ७२ वर्षांच्या एका गृहिणीला वेणी घालणेही अशक्य झाले आहे. एमआरआयमध्ये कफ शाबूत दिसतो. म्हणजे साधा सांधा चालेल, असे वाटते. परंतु सीटी स्कॅनमध्ये 'बी-२' झीज आणि २५ अंशांचा कल आढळतो. खोबणीची उंच राहिलेली पुढची कड घासून हा कल साधारण १५ अंशांपर्यंतच सुधारता येतो. त्याहून अधिक घासल्यास अस्तर रोवण्यापुरते हाडच उरत नाही. न घासल्यास गोळा पुन्हा मागे सरकतो. म्हणूनच अशा वयात कफ चांगला असूनही अनेक शल्यविशारद उलट्या सांध्याकडे वळतात. हीच झीज पन्नाशीतल्या रुग्णात असेल, तर पाचरीच्या आकाराच्या अस्तराचाही विचार होतो.

उलटा सांधाही निर्दोष नाही. हात पाठीमागे नेणे अनेकांना अवघड जाते, सांधा निखळू शकतो. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी खांद्याच्या माथ्यावर नव्याने दुखू लागले, तर तेथील हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घ्यावी लागते. त्यामुळे शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्यापूर्वी रुग्णाने दोन गोष्टी विचाराव्यात : कफ कसा आहे आणि खोबण कुठे झिजली आहे?