ट्रेलरमध्ये काय दाखवायचं आणि काय लपवायचं, हे ठरतं कसं? 'सैराट' घेऊन समजून घेऊया

(स्पॉयलर अलर्ट: या लेखात 'सैराट'चा शेवट येतो. 2016 पासून आजपर्यंत तुम्ही तो पाहिला नसेल, तर आधी सिनेमा पाहा, मग इथे या.)

"ट्रेलर बघितला, आता पिक्चर बघायची काय गरज?" नवा ट्रेलर आला की त्याखाली ही कमेंट हमखास असते. कधीकधी ती खरीही असते. जेम्स कॅमेरॉनचा 'टर्मिनेटर 2' (1991) घ्या. सिनेमाची सुरुवातीची मांडणी अशी आहे की अर्नोल्ड श्वार्झनेगर त्या मुलाला मारायला आलाय की वाचवायला, हे प्रेक्षकाला लवकर कळू नये. पण या वेळी अर्नोल्ड चांगल्या बाजूने आहे, हे जाहिरातीतच सांगून टाकलं होतं. 'कास्ट अवे'च्या (2000) ट्रेलरने तर बेटावर अडकलेला टॉम हँक्स घरी परत येतो, हेसुद्धा दाखवलं होतं.

मग ट्रेलर कापणाऱ्या एडिटरला हे कळत नाही का? कळतं. पण त्याच्यापुढचा पेच खरोखर अवघड असतो. काहीच दाखवलं नाही तर लोक तिकीट कशाला काढतील? आणि सगळं दाखवलं तरी कशाला काढतील?

हा पेच समजण्यासाठी एक सराव करूया. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' अजून प्रदर्शित व्हायचाय आणि त्याचा दोन मिनिटांचा ट्रेलर आपल्याला कापायचाय, असं समजा. (सिनेमाचा खरा ट्रेलर कसा होता, याच्याशी या सरावाचा संबंध नाही.) सिनेमा जवळपास तीन तासांचा आहे, म्हणजे दर दीड तासातून फक्त एक मिनिट उचलायचं.

आधी लपवायचं काय, ते ठरवा

नवखा एडिटर सगळ्यात भारी सीन शोधत सुटतो. त्याआधी एक रेघ मारणं जास्त गरजेचं असतं: कथेतल्या कुठल्या क्षणानंतरचं आपण काहीच सांगणार नाही?

'सैराट'मध्ये ही रेघ मारायला जागा स्पष्ट आहे. आर्ची आणि परश्या गाव सोडून रेल्वेने पळतात, तिथे सिनेमाचा सूरच बदलतो. त्याआधी विहीर, कॉलेज, बुलेट, क्रिकेट आणि चोरून भेटणं आहे. त्यानंतर हैदराबाद, झोपडपट्टीतला संसार, भांडणं, मूल आणि शेवटी तो खून. आपली रेघ रेल्वेपाशी. पळून जाईपर्यंतची गोष्ट सांगायची, पुढची नाही.

पण पुढच्या भागातला एकही शॉट वापरायचा नाही, असा याचा अर्थ होत नाही. शॉट वापरता येतो, मात्र त्याचा संदर्भ काढून. रस्त्यावर एकटाच धावणारा परश्या दाखवला तर तो कुठे आणि का धावतोय हे कुणाला कळत नाही, फक्त काळजी वाटते. आर्ची लग्नानंतरच्या वेशात दिसली किंवा कडेवर बाळ दिसलं, की अर्ध्या सेकंदाच्या त्या शॉटने पाऊण सिनेमा फोडला. लग्न झालं, गुंडांच्या हातून सुटले, संसारही थाटला, हे सगळं प्रेक्षकाला कळून चुकतं.

ही गळती सहज लक्षात येत नाही, कारण ती ट्रेलर बघताना होत नाही, थिएटरमध्ये होते. परश्याला बेदम मारतायत, तो जगेल की नाही अशी धाकधूक असायला हवी. पण ट्रेलरमधला दुसऱ्या शहरातला परश्या अजून पडद्यावर आलेलाच नाही, हे प्रेक्षकाच्या डोक्यात असतं. म्हणजे तो इथे मरत नाही. धाकधूक संपली. म्हणून प्रत्येक शॉट निवडताना कपडे, जागा, जखमा आणि केसांची लांबी बघावी लागते. यातली कुठलीही गोष्ट कथेतली वेळ सांगून टाकू शकते.

गोष्ट कानांनी कापली जाते

रेघ मारली की कामाला सुरुवात होते ती संवादांपासून. एडिटर पूर्ण सिनेमा पाहून कामाचे संवाद आणि शॉट टाइमकोडसकट बाजूला काढतो. मग पडद्यावर काय दिसतंय याचा विचार न करता, फक्त संवाद एकामागोमाग लावून ऐकतो. डोळे मिटून ऐकल्यावर गोष्ट कळायला हवी. दोन मिनिटांत साधारण डझनभर छोटी वाक्यं मावतात. त्याहून जास्त झाली की ट्रेलर बडबड करायला लागतो.

इथे एक तांत्रिक अडचण येते. सिनेमाच्या तयार साउंडमध्ये संवादाखाली संगीत मिसळलेलं असेल, तर ते वाक्य उचलून दुसऱ्या संगीतावर ठेवता येत नाही. खालचं जुनं संगीत तुटतं आणि ते कानाला लगेच कळतं. म्हणून संवाद, संगीत आणि इफेक्ट्स यांचे वेगवेगळे ट्रॅक मागवावे लागतात. कॉलेजच्या शॉर्टफिल्मचा ट्रेलर कापणाऱ्यांनी हे आधीच लक्षात ठेवावं. फायनल मिक्स झाल्यावर प्रोजेक्ट फाइल सापडत नाही, ही कहाणी फार कॉमन आहे.

आता 120 सेकंदांची वाटणी करूया. पहिली 40 सेकंद माणसं आणि जग यांची. विहिरीवर येऊन पोरांना बाहेर काढणारी आर्ची, तिची बुलेट, तिच्याकडे बघत राहणारा परश्या. मराठीत कळत नसेल तर इंग्रजीत सांगू का, असं विचारणारा तिचा तो डायलॉग इथेच, पंचविसाव्या सेकंदाच्या आसपास. ही मुलगी कुणाला घाबरत नाही, हे एका वाक्यात कळतं. या भागात शॉट मोठे ठेवायचे, तीन-चार सेकंदांचे. चेहरे ओळखीचे झाले नाहीत, तर पुढे त्यांचं काय होतंय याची कुणाला पर्वा वाटत नाही.

पुढची 40 सेकंद अडचणीची. ती सुरू व्हायला एक वळण लागतं आणि माझ्या मते त्यासाठी सिनेमातला सगळ्यात चांगला क्षण म्हणजे आर्चीचा भाऊ प्रिन्स भर वर्गात शिक्षकाच्या कानाखाली मारतो तो. इथे कुणी जातीवर भाषण देत नाही. तरी या घराला गावात कोण आडवं जाऊ शकत नाही, हे दोन सेकंदांत समजतं. त्या थपडेच्या आवाजावर संगीत तोडायचं. एक सेकंद शांतता. मग तात्यांचा वाडा, परश्याच्या घरच्यांचे चेहरे, त्याला झालेली मारहाण.

शेवटची चाळीस सेकंद

इथपर्यंत गोष्ट सांगून झालेली असते. पुढे नवीन माहिती द्यायची नसते, फक्त दाब वाढवायचा असतो. त्यासाठी हातात दोन साधनं असतात: शॉटची लांबी आणि आवाज.

शॉट लहान होत जातात. दोन सेकंद, एक, अर्धा, शेवटी आठ-दहा फ्रेम. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमने चालतो, म्हणजे आठ फ्रेम हा सेकंदाचा तिसरा हिस्सा. इतक्या छोट्या शॉटमध्ये डोळ्याला शोधाशोध करायला वेळच नसतो. आधीच्या शॉटमध्ये चेहरा डावीकडे असेल आणि पुढच्यात उजव्या कोपऱ्यात, तर तो दिसणारच नाही. म्हणून लागोपाठच्या शॉट्समध्ये महत्त्वाची गोष्ट पडद्यावर साधारण एकाच जागी आहे, असे शॉट शोधावे लागतात. 'फास्ट कटिंग' करूनही काही ट्रेलर नुसता गोंधळ वाटतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

आवाजासाठी 'सैराट'मध्ये आयतं हत्यार आहे: अजय-अतुलचं 'झिंगाट'. सिनेमात ते प्रिन्सच्या वाढदिवसाला वाजतं आणि त्याच रात्री हे दोघं पकडले जातात. ट्रेलरमध्ये हाच धागा वापरता येतो. नाचाचे शॉट सुरू होतात. गाणं तसंच जोरात चालू राहतं, पण चित्रं बदलत जातात: पकडलेले हात, लाथा, पोलीस स्टेशन, अंधारात धावणं, पिस्तूल हातात घेतलेली आर्ची, रेल्वेचे रूळ. ज्या ठेक्यावर लोक आत्ता मान डोलावत होते, त्याच ठेक्यावर मारहाण दिसू लागते. भीतीदायक संगीत लावलं असतं तर हा परिणाम मिळाला नसता.

मग सगळ्यात जोरात असताना आवाज बंद. एक स्थिर शॉट, दोघं शेजारी शेजारी, तीन सेकंद, पूर्ण शांतता. त्यानंतर नाव आणि तारीख.

शांतताच का? सिनेमाचा शेवट आठवा. ते लहान मूल रक्ताचे ठसे उमटवत चालत जातं आणि कसलाही आवाज नसतो. तो शॉट आपण दाखवणार नाही, त्याच्या जवळपासही जाणार नाही. पण सिनेमा बघून झाल्यावर प्रेक्षकाला आपली फसवणूक झाली असं वाटू नये, याची जबाबदारी ट्रेलरवर असते. नुसती गाणी, बुलेट आणि विहीर लावून दोन मिनिटांची गोड लव्हस्टोरी कापणं अगदी सोपं होतं. घरच्यांना घेऊन हसतखेळत आलेल्या माणसाला मग त्या शेवटाची काहीच चाहूल मिळाली नसती. शेवट लपवणं ठीक. या प्रेमाची किंमत मोजावी लागणार आहे, हे लपवणं ठीक नाही.

नाव आल्यावर चार-पाच सेकंदांचा एखादा तुकडा टाकायची पद्धत आहे. ट्रेलर कापणारे त्याला 'बटन' म्हणतात आणि बहुतेक वेळा तो विनोद असतो. इंग्रजीवाला डायलॉग इथे ठेवायचा मोह होईल, टाळ्याही मिळतील. मी तो ठेवणार नाही. विनोद आला की आत्ताच तयार झालेला ताण निघून जातो आणि 'चला, शेवटी सगळं नीट होणार' असा निरोप जातो. इथे बटन नकोच.

कट तयार झाला की तो सिनेमाबद्दल काहीच माहीत नसलेल्या दोन-तीन जणांना दाखवायचा, आणि तोही फोनवर. 'आवडला का?' हा प्रश्न विचारायचा नाही, कारण समोर बसलेला माणूस 'हो'च म्हणतो. त्याऐवजी विचारायचं: गोष्ट काय आहे? शेवटी काय होईल असं वाटतं? पहिल्याचं उत्तर सगळ्यांचं साधारण सारखं यायला हवं. दुसऱ्यावर त्यांच्यात वाद व्हायला हवा. 'पळून जातात' इथपर्यंत एकमत आणि 'पुढे वाचतात की नाही' यावर भांडण, असं झालं तर कट लॉक करायचा. सगळ्यांनी मिळून 'लग्न करून सुखी होतात' असं सांगितलं, तर परत टाइमलाइन उघडायची आणि बाळ किंवा मंगळसूत्र कुठल्या शॉटच्या कोपऱ्यात राहून गेलंय, ते फ्रेम-फ्रेम शोधायचं.