आकडा दाखवा, माणूस नको

८ ऑगस्ट २०२३ रोजी उत्तर आयर्लंडच्या पोलिसांनी माहिती अधिकाराच्या एका अर्जाला उत्तर म्हणून एक्सेल फाइल दिली. कोणत्या हुद्द्यावर किती जण आहेत, एवढंच अर्जदाराला हवं होतं आणि फाइल उघडल्यावर दिसतही तेवढंच होतं. पण ज्या नोंदी मोजून ते आकडे काढले, ती शीटही त्याच फाइलमध्ये लपवलेली होती. सुमारे साडेनऊ हजार पोलीस आणि कर्मचाऱ्यांची आडनावं, आद्याक्षरं, हुद्दे आणि नेमणुकीची ठिकाणं काही तास इंटरनेटवर कुणालाही वाचता येत होती. जिथे पोलीस असल्याचं शेजाऱ्यांनाही न सांगण्याची अनेकांवर वेळ येते, अशा प्रदेशात हे घडलं. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने पुढच्या वर्षी या पोलीस दलाला साडेसात लाख पौंडांचा दंड केला.

ही चूक फाइलची होती आणि एकदाच झाली. डॅशबोर्डमध्ये ती रोज होऊ शकते. नकाशे, आलेख आणि एकूण बेरजा दाखवणारं हे पान ठरलेल्या वेळी मूळ नोंदींतून नवे आकडे उचलतं. त्याला ‘रिफ्रेश’ म्हणतात. पहिल्या दिवशी पान नीट तपासून लिंक खुली केली जाते. पुढचे रिफ्रेश आपोआप, बहुधा रात्री होतात आणि तेव्हा बघायला कुणी नसतं. म्हणजे प्रत्येक रिफ्रेश हे नवं प्रकाशनच असतं.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका महानगरपालिकेला डेंग्यूचा प्रभागवार डॅशबोर्ड नागरिकांसाठी खुला करायचा आहे. मूळ नोंदीत रुग्णाचं नाव, मोबाइल, पत्ता, वय, लिंग, प्रभाग, तपासणीची तारीख आणि ‘शेरा’ आहे. पानावर फक्त प्रभाग आणि संख्या दाखवायच्या, म्हणून बाकीचे कॉलम ‘लपवून’ काम भागवण्याचा मोह होतो. पण लपवलेला कॉलम अहवालातून गेलेला नसतो. पॉवर बीआयमधल्या `Publish to web` या सोयीबद्दल खुद्द मायक्रोसॉफ्टची सूचना आहे की, आलेखात फक्त बेरीज दिसत असली तरी तिच्यामागच्या तपशिलापर्यंत लोक पोचू शकतात. एक्सेलच्या पिव्हट टेबलमध्येही मूळ शीट काढून टाकल्यावर बेरजेवर दोनदा क्लिक केलं, तर त्या बेरजेतल्या नोंदी पुन्हा समोर येऊ शकतात.

म्हणून गाळणी पानावर नव्हे, पानाच्या आधी लागते. मूळ तक्त्यातून वेगळा सार्वजनिक तक्ता तयार करायचा आणि डॅशबोर्ड फक्त त्यालाच जोडायचा. हा तक्ता बनवताना ‘काय काढायचं’ याची यादी करू नये, ‘काय ठेवायचं’ याची करावी. पॉवर क्वेरीत यासाठी दोन वेगळ्या आज्ञा आहेत. `Remove Columns` सांगितलेले कॉलम काढते, तर `Remove Other Columns` निवडलेले ठेवून बाकी सगळे काढते. आज दोन्हींचा परिणाम सारखाच दिसतो. फरक कळतो तो तीन महिन्यांनी, आरोग्य विभाग फॉर्ममध्ये ‘नातेवाइकाचा मोबाइल’ हा नवा रकाना घालतो तेव्हा. पहिल्या पद्धतीत तो रकाना त्याच रात्री सार्वजनिक तक्त्यात शिरतो. दुसऱ्या पद्धतीत तो दाराशीच अडतो.

‘शेरा’ हा रकाना तर मुळीच ठेवू नये. त्यातले मोबाइल क्रमांक शोधून पुसू, असं वाटतं. पण 0 ते 9 एवढेच अंक ओळखणारा शोध देवनागरीत लिहिलेला क्रमांक सोडून देतो. मध्ये जागा किंवा रेघ असली, तरी साधा दहा आकड्यांचा शोध फसतो. नावांची अडचण आणखी मोठी, कारण प्रकाश, ज्योती, आशा ही नावंही आहेत आणि रोजचे शब्दही. आणि ‘मारुती मंदिरामागचं पत्र्याचं घर, दोन मुली’ या शेऱ्यात नाव नाही, क्रमांक नाही, तरी वस्तीतल्या कुणालाही घर ओळखता येतं.

मोबाइल क्रमांकाच्या जागी हॅश, म्हणजे गणिती सूत्राने तयार झालेली अक्षरांची माळ, ठेवली की काम झालं, असाही समज आहे. भारतातले मोबाइल क्रमांक दहा आकडी आणि ६ ते ९ने सुरू होणारे, म्हणजे जास्तीत जास्त चारशे कोटी. सूत्र माहीत असेल, तर साधा संगणकही हे सगळे क्रमांक त्यातून काढून जुळवून पाहू शकतो. न्यूयॉर्कच्या टॅक्सी फेऱ्यांची माहिती २०१४ मध्ये खुली झाली, तेव्हा गाड्यांचे हॅश केलेले परवाना क्रमांक असेच उलगडले गेले.

नावं गेली, शेरा गेला, फक्त आकडे उरले. तरीही माणूस सापडू शकतो. समजा, प्रभाग १२मध्ये या आठवड्यात ० ते १४ वयाचे ९, १५ ते २९चे १७, ३० ते ५९चे २१ आणि साठीपुढचे २ रुग्ण आहेत. दोन हा आकडा छोटा, ओळख पटवणारा. म्हणून ‘५ पेक्षा कमी असेल तर दाखवू नये’ असा नियम केला. (अमेरिकेत मेडिकेअरच्या आकडेवारीसाठी ही मर्यादा आणखी कडक, ११ आहे.) पण शेजारी एकूण ४९ लिहिलेले असतील, तर ४९मधून ४७ वजा करायला शाळकरी गणित पुरतं. उपाय म्हणजे आणखी एक आकडा झाकणं, किंवा ३०च्या पुढचे सगळे एकत्र करून २३ दाखवणं.

रिफ्रेशमुळे वजाबाकीची आणखी एक वाट उघडते. काल ‘५ पेक्षा कमी’ होतं आणि आज ५ दिसले, तर बहुधा काल ४ होते आणि आज एकाची भर पडली. त्याच दिवशी गल्लीतून रुग्णवाहिका गेलेली असेल, तर तो एक कोण हे वेगळं सांगावं लागत नाही. म्हणून असे आकडे रोज नव्हे, आठवड्याने बदलावेत. वयोगटही एकदाच ठरवून कायम ठेवावेत. वर्षभराच्या एकूण आकड्यांत आधी चार गट दाखवले आणि नंतर तीन केले, तर कुणी जपून ठेवलेलं जुनं पान नव्यातून वजा करून झाकलेल्या आकड्याच्या जवळ पोचतो.

तपासणी ज्या नजरेने लोक पान पाहणार, त्याच नजरेने करावी. लॉग-इन नसलेल्या खासगी खिडकीत लिंक उघडावी, डेटा डाउनलोड करून पाहावा, आलेखावर उजवं क्लिक करून तक्ता उघडतो का बघावं. मूळ नोंदीत एक बनावट रुग्ण घालावा, त्याचं नाव आणि क्रमांक ठाऊक असलेलाच ठेवावा आणि मोजणीतून तो वगळावा. रिफ्रेशनंतर सार्वजनिक तक्त्यात त्याचा शोध घ्यावा. तो सापडला, तर गाळणी फुटली. हा शोध, अनोळखी कॉलम आला का हे पाहणं आणि मर्यादेपेक्षा छोटा आकडा आहे का हे पाहणं, ही तिन्ही कामं संगणकावरच सोपवता येतात. त्यातलं एकही चुकलं, तर रिफ्रेश थांबावा आणि कालचंच पान राहावं, अशी सोय करून ठेवावी. एक दिवस जुना आकडा दिसला तर कुणाचं काही बिघडत नाही. एकदा बाहेर पडलेला मोबाइल क्रमांक मात्र लिंक बंद करूनही परत येत नाही. तोवर तो कुणीतरी उतरवून घेतलेला असू शकतो.

या सगळ्याची किंमत आहेच. गट एकत्र केले की साठीपुढच्या रुग्णांचा वेगळा कल दिसत नाही आणि छोट्या प्रभागांची चित्रं धूसर होतात. म्हणून पानाखाली ‘५ पेक्षा कमी आकडे दाखवलेले नाहीत’ असं लिहावं, म्हणजे रिकामी चौकट पाहून तिथे डेंग्यू नाही असं कुणी समजणार नाही. ज्या आरोग्य अधिकाऱ्याला नेमकं घर शोधून फवारणी करायची आहे, त्याला पूर्ण नोंद मिळायलाच हवी, पण ती पासवर्डच्या आतल्या वेगळ्या पानावर.