तीन पोलचा अॅम्प्लिफायर केव्हा आंदोलू लागतो?

अॅम्प्लिफायरच्या आउटपुटचा थोडा भाग उलट दिशेने इनपुटकडे वळवला, की विकृती कमी होते आणि गेन स्थिर राहतो. हेरॉल्ड ब्लॅक यांना हा ऋण फीडबॅक १९२७ मध्ये सुचला. मात्र फीडबॅक एका मर्यादेपलीकडे वाढवला, की हेच मंडल बाहेरून सिग्नल नसतानाही स्वतःच आंदोलू लागते. ती मर्यादा नेमकी कुठे आहे हे ओळखायची कसोटी हॅरी नायक्विस्ट यांनी १९३२ मध्ये मांडली. त्यासाठी एक ध्रुवीय आलेख पुरतो.

एक सोपे उदाहरण घेऊ. अॅम्प्लिफायरचे तीन सारखे टप्पे आहेत. प्रत्येक टप्पा सिग्नल दहापट वाढवतो आणि उलटवतो, म्हणजे एकूण गेन १,००० होतो. प्रत्येक टप्प्याचा पोल १०० किलोहर्ट्झवर आहे. या फ्रीक्वेन्सीच्या आसपास टप्प्याचा गेन उतरू लागतो आणि सिग्नल मागे पडू लागतो. एक टप्पा सिग्नलला जास्तीत जास्त ९० अंश मागे टाकू शकतो, तीन मिळून २७० अंशांपर्यंत. धोका १८० अंशांवर आहे, कारण तिथे उलटा पाठवलेला सिग्नल पुन्हा उलटतो आणि मूळ सिग्नलला विरोध करण्याऐवजी त्यात भर घालतो. दोन पोलच्या मंडलात १८० अंश कधीच पूर्ण गाठले जात नाहीत, म्हणून ही अडचण खऱ्या अर्थाने तिसऱ्या पोलपासून सुरू होते.

लूप गेन म्हणजे सिग्नल अॅम्प्लिफायर आणि फीडबॅक या दोन्हींमधून एक फेरी मारून आला की किती पट होतो ते. प्रत्येक फ्रीक्वेन्सीसाठी या गेनइतक्या लांबीची आणि फेजइतक्या कोनाची रेघ आरंभबिंदूपासून काढायची, आणि रेघांची टोके जोडायची. फीडबॅकचे ऋण चिन्ह लूप गेनमध्ये धरले नाही, तर धोक्याचा बिंदू −१ येतो. (नायक्विस्ट यांच्या मूळ लेखात चिन्हाची मांडणी वेगळी असल्याने तो +१ आहे. जुनी पुस्तके वाचताना हे ध्यानात ठेवावे.)

कमी फ्रीक्वेन्सीचा लूप गेन आधी १ धरून आलेख काढणे सोयीचे जाते. वक्र उजवीकडे १ या बिंदूपासून निघतो आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने खाली वळतो. प्रत्येक टप्पा ३० अंश मागे पडला, की वक्र खालचा उभा अक्ष ओलांडतो. ही वेळ सुमारे ५८ किलोहर्ट्झवर येते आणि तिथे लांबी ०.६५ असते. प्रत्येक टप्पा ६० अंश मागे पडला, की एकूण १८० अंश भरतात आणि वक्र डावा आडवा अक्ष छेदतो. ६० अंशांवर प्रत्येक टप्प्याचा गेन बरोबर निम्मा झालेला असतो, म्हणून तिन्हींचा मिळून आठवा भाग उरतो. छेद −०.१२५ वर पडतो आणि फ्रीक्वेन्सी १०० किलोहर्ट्झच्या √३ पट, म्हणजे १७३ किलोहर्ट्झ असते. पुढे वक्र वरच्या बाजूने वळून शून्यात विरतो.

फीडबॅक वाढवला, की वक्राचा आकार तोच राहतो, तो फक्त फुगतो. छेद −१ वर नेण्यासाठी वक्र ८ पट फुगवावा लागतो. म्हणून क्रांतिक लूप गेन ८. या अॅम्प्लिफायरमध्ये आउटपुटचा अवघा ०.८ टक्के भाग परत पाठवला तरी मर्यादा गाठली जाते आणि एकूण गेन सुमारे १११ वर येतो. लूप गेन ४ असेल, तर छेद −०.५ वर पडतो आणि मंडल स्थिर राहते. तो २० केला, तर छेद −२.५ वर जातो, −१ हा बिंदू वेढला जातो आणि कुठलाही बारीकसा गोंगाट वाढत वाढत आंदोलन बनतो. टप्पे संपृक्त होऊन गेन घटला, की त्याची वाढ थांबते.

मर्यादेच्या अलीकडे असणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे. लूप गेन ७ असताना मंडल आंदोलत नाही, पण १७३ किलोहर्ट्झवर त्याचा गेन कमी फ्रीक्वेन्सीच्या आठपट होतो. चौकोनी तरंग दिला, की ऑसिलोस्कोपवर प्रत्येक कडेनंतर लहरी दिसतात आणि त्या लवकर शमत नाहीत. तारांची भटकी धारिता थोडा जास्तीचा फेज घालते आणि हिशेबातला हा बारका फरक संपवून टाकते. म्हणून निदान दुपटीची सूट ठेवावी. म्हणजे इथे ४ च्या पुढे जाऊ नये.

जास्त फीडबॅक हवाच असेल, तर एक टप्पा मुद्दाम मंद करतात. त्याचा पोल १ किलोहर्ट्झवर आणला, तर क्रांतिक लूप गेन ८ वरून सुमारे २०४ वर जातो. त्याची किंमत अशी, की १ किलोहर्ट्झच्या वर फीडबॅक उतरत जातो आणि विकृती कमी करण्याचा त्याचा गुणही तिथे तेवढाच ओसरतो.