किचनचा शॉर्ट आणि आपली भिंत

मॉड्युलर किचनच्या शोरूमचा मिनिटभराचा शॉर्ट पाहिला, की साधारण चार गोष्टी कानावर पडतात: आठ फुटांचा ओटा, वॉटरप्रूफ प्लाय, दहा वर्षांची वॉरंटी आणि ४५ दिवसांत फिटिंग. ऑर्डर देण्याआधी या चारही गोष्टी आपल्या स्वयंपाकघरात तपासून घ्यायला हव्यात.

आधी माप. समजा, नकाशात भिंत आठ फूट, म्हणजे सुमारे २४४० मिलिमीटर आहे. प्लॅस्टर आणि टाइल्स झाल्यावर तीच भिंत जमिनीलगत २४०० आणि ओट्याखाली २३८५ भरते. कारखान्यातून ६०० मिलिमीटरचे चार बॉक्स आले, तर चौथा बसणारच नाही. म्हणून जाणता डिझायनर दोन-तीन उंचींवर टेप लावून सर्वांत लहान माप धरतो. ६०० चे तीन बॉक्स, ५४० चा एक आणि उरलेल्या ४५ मिलिमीटरमध्ये फिलरची पट्टी. या पट्टीमुळे कोपऱ्यातला ड्रॉवर भिंतीला न घासता उघडतो. त्यामुळे टाइल्स लागण्याआधी घेतलेलं माप अंतिम मानू नये. बिल्डरने ओटा आधीच दिला असेल, तर कडप्प्याच्या दोन उभ्या फरश्यांमधला प्रत्येक गाळा वेगळा मोजावा.

मटेरियलची खरी परीक्षा सिंकखाली होते. तिथल्या बॉक्ससाठी मरीन प्लाय मागावा आणि शीटवर आयएस ७१० चा शिक्का पाहावा. पण चांगला प्लायही कापलेल्या कडेतून पाणी ओढतो. म्हणून चारही कडांना एज बँड आहे का, पाइपसाठी पाडलेलं भोक सिलिकॉनने बंद केलंय का, हे वाकून बघावं. पाणी मुरू लागलं, की खालची कड फुगते आणि लॅमिनेट सुटू लागतं. बोट फिरवलं तरी ते जाणवतं.

वॉरंटीची दहा वर्षं बहुतेकदा सगळ्या किचनला सारखी लागू नसतात. बॉक्स, शटर, बिजागऱ्या आणि चॅनेल यांची मुदत वेगवेगळी असू शकते. पाण्याने फुगलेला बॉक्स अनेकदा वॉरंटीबाहेर ठेवलेला असतो. म्हणून प्रत्येक भागाची मुदत कोटेशनवर लिहून घ्यावी, आणि गळतीचा उल्लेख त्यात हमखास असावा.

४५ दिवस कधीपासून मोजायचे, हेही विचारावं. बहुतेक ठिकाणी मोजणी ॲडव्हान्स भरून अंतिम ड्रॉइंगवर सही झाल्यावर सुरू होते. त्यातला मोठा भाग कारखान्यात जातो. छोट्या किचनची घरातली जोडणी दोन ते चार दिवसांत होते. सही झाल्यावर एका बॉक्सची रुंदी बदलली, तरी तारीख पुढे जाते. शेवटचा हप्ता मात्र प्रत्येक ड्रॉवर पूर्ण उघडून आणि सिंकमध्ये पाणी भरून सोडल्यावर खालचा बॉक्स कोरडा दिसला, तरच द्यावा.