एका गोळीतली दोन औषधं

मधुमेहाच्या गोळीच्या पाकिटावर ठसठशीत दिसतं ते कंपनीने ठेवलेलं नाव. त्याच्या शेजारी एखादं अक्षर किंवा आकडा असतो: जी-1, जी-2, एम, व्ही, फोर्ट. घरात गोळी ओळखली जाते ती याच नावाने, किंवा त्याहून सोप्या खुणेने. ‘सकाळची गुलाबी’, ‘रात्रीची मोठी’. मेडिकलमध्ये जाऊन रिकामी स्ट्रिप दाखवली की काम होतं, त्यामुळे मागची बारीक अक्षरं वाचायची वेळ सहसा येत नाही. पण गोळीत नेमकं काय आहे, हे तिथेच लिहिलेलं असतं.

आपल्याकडे सर्रास दिसणारी एक जोडी घेऊ: ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. स्ट्रिप उलटी केली की साधारण असा मजकूर सापडतो: ‘प्रत्येक अनकोटेड बायलेयर्ड गोळीत ग्लिमेपिराइड आयपी 2 मिलीग्रॅम, मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइड आयपी 500 मिलीग्रॅम, सस्टेन्ड रिलीज स्वरूपात.’ आयपी म्हणजे औषध भारतीय औषधकोशाच्या मानकाप्रमाणे आहे. 2 आणि 500 हे आकडे पाहून 500 वालं औषध जास्त ‘जोरदार’ वाटतं, पण तसं काही नाही. दोन वेगळ्या औषधांच्या मिलीग्रॅमची तुलना करताच येत नाही. या गोळीत साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली ओढण्याची ताकद मुख्यतः त्या 2 मिलीग्रॅममध्ये आहे. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, तुम्ही जेवला असा वा नसा. मेटफॉर्मिन मुख्यतः यकृतातून रक्तात येणारी साखर आवरतं, आणि एकटं असेल तर ते साखर फारशी खाली पाडत नाही.

‘बायलेयर्ड’ म्हणजे दोन थरांची. अशा गोळीत बहुधा दोन रंग एकमेकांना चिकटलेले दिसतात. ग्लिमेपिराइडचा थर लगेच विरघळतो, मेटफॉर्मिनचा थर कित्येक तास हळूहळू औषध सोडत राहतो. एसआर, ईआर, एक्सआर, पीआर ही सगळी अक्षरं या संथ सुटण्याचीच आहेत. म्हणून अशी गोळी चावायची नाही, कुटायची नाही, पाण्यात विरघळवायची नाही. गिळायला जड जाते म्हणून आजोबांना ती चुरून देणारी घरं आहेत. त्याने दिवसभरासाठीचं मेटफॉर्मिन एकदम सुटतं, आणि मळमळ-जुलाब झाले की दोष ‘औषध गरम पडण्याला’ दिला जातो. अर्धी करूनही घेऊ नये. डोस कमी करायचा असेल तर कमी ताकदीची गोळी डॉक्टरांकडून लिहून घ्यावी. कधी कधी शौचात गोळीचा मऊ सांगाडा दिसतो आणि माणूस घाबरतो. औषध शोषलं गेलेलं असतं, उरतो तो त्याला धरून ठेवणारा भाग.

आता नावापुढची अक्षरं. त्यांचा सगळ्या कंपन्यांना लागू असा एकच अर्थ नाही. जी-1 आणि जी-2 मधला आकडा बहुतेक वेळा ग्लिमेपिराइडचे मिलीग्रॅम सांगतो. ‘फोर्ट’ लावलं की मेटफॉर्मिन 500 चं 1000 झालेलं असण्याची शक्यता मोठी. ‘व्ही’ मात्र फसवा आहे, कारण तो व्होग्लिबोजचा असू शकतो आणि विल्डाग्लिप्टिनचाही. ही दोन औषधं अगदी वेगळी आहेत. ‘पी’ पायोग्लिटाझोनचा असू शकतो. पायोग्लिटाझोनने अंगात पाणी साठतं, म्हणून हृदय कमजोर असलेल्यांना ते चालत नाही. 2013 साली सरकारने त्याची विक्री आधी थांबवली आणि काही आठवड्यांतच, मूत्राशयाच्या कर्करोगाबद्दल इशारा छापण्याच्या अटीवर, पुन्हा सुरू केली. एका अक्षराआड एवढं सगळं दडलेलं असतं. त्यामुळे अक्षरावरून अंदाज बांधण्यापेक्षा घटकांची ओळ वाचलेली बरी.

ती न वाचल्याने काय होतं, ते एका उदाहरणावर पाहू. समजा, एका घरातल्या 68 वर्षांच्या आजी गावच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी वर्षानुवर्षं घेत आहेत: ग्लिमेपिराइड 2 आणि मेटफॉर्मिन 500, सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी. मुलाकडे शहरात आल्यावर तपासणीत साखर वाढलेली निघाली. तिथल्या डॉक्टरांनी नवी गोळी लिहिली, विल्डाग्लिप्टिन 50 आणि मेटफॉर्मिन 500, दिवसातून दोनदा. जुनी बंद करा असं कोणी सांगितलं नाही, कारण ती चालू आहे हे कोणी विचारलं नाही. आजींच्या हिशेबाने त्या ‘शुगरच्या दोन गोळ्या’ घेत आहेत.

आता कागदावर गोळ्यांऐवजी घटक मांडू. जुन्या पाकिटातून दिवसाला मेटफॉर्मिन 1000, नव्या पाकिटातून आणखी 1000. एकूण 2000. ग्लिमेपिराइड 4. विल्डाग्लिप्टिन 100. निरोगी मूत्रपिंडाच्या माणसाला दिवसाला 2000 मिलीग्रॅम मेटफॉर्मिन दिलंही जातं. पण आजींच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन 1.4 आहे. ‘थोडंसंच वाढलंय’ म्हणून त्याकडे दुर्लक्ष होतं. वय आणि स्त्री असणं धरून त्यावरून ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता, काढली तर ती 41 च्या आसपास येते. ईजीएफआर 30 ते 45 च्या दरम्यान असेल तर मेटफॉर्मिन नव्याने सुरू करत नाहीत. आधीपासून चालू असेल तर फायदा-तोटा पाहून साधारण 1000 मिलीग्रॅमच्या आत ठेवतात. 30 च्या खाली ते पूर्ण बंद. म्हणजे आजी मर्यादेच्या दुप्पट घेत आहेत. विल्डाग्लिप्टिनही इतक्या क्षमतेला दिवसातून एकदाच 50 देतात. इथे तेही दुप्पट. ग्लिमेपिराइडचे अवशेष मूत्रपिंडावाटे बाहेर जातात. ते रेंगाळले तर साखर खाली जाण्याचा धोका वाढतो.

जोडगोळीची खरी अडचण इथे कळते. आजींचं विल्डाग्लिप्टिन निम्मं करायचं असेल तर त्याच्याबरोबर मेटफॉर्मिनही निम्मं होतं, दोन्ही एकाच गोळीत बांधलेली असल्यामुळे. अशा वेळी डॉक्टर सुटी औषधं लिहितात, किंवा मूत्रपिंडानुसार डोस बदलावा लागत नाही असं लिनाग्लिप्टिनसारखं औषध निवडतात. गोळ्यांची संख्या वाढते, पैसेही जास्त जाऊ शकतात. तरी कमजोर मूत्रपिंडाच्या माणसासाठी मला तोच सौदा बरा वाटतो.

यातलं काही स्ट्रिपवर छापलेलं नसतं. तिथे असते ती कायद्याने घालायला लावलेली चौकट: नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय किरकोळ विक्री करू नये, किंवा वैद्यकीय देखरेखीशिवाय हे औषध घेणं धोक्याचं आहे. मात्रा विचाराल तर ‘डॉक्टरांच्या सल्ल्याप्रमाणे’. सविस्तर माहितीचा कागद असलाच तर मोठ्या खोक्यात, आणि आपल्या हातात येते एक सुटी स्ट्रिप. खरा इशारा म्हणजे घटकांचं नावच. प्रत्येक घटकाबरोबर त्याच्या सूचना येतात, गोळीचं नाव काहीही असो.

ग्लिमेपिराइडची मुख्य सूचना जेवणाबद्दल आहे. गोळी घेतली की जेवायचंच. एकादशीला, नवरात्रात किंवा रमजानच्या रोजात नेहमीची गोळी नेहमीच्या वेळी घेऊन उपाशी राहणं सगळ्यात धोक्याचं. गोळी कमी करायची की वेळ बदलायची, हे उपवासाच्या काही दिवस आधी डॉक्टरांना विचारावं. साखर 70 च्या खाली गेली की दरदरून घाम, थरथर, धडधड सुरू होते. म्हाताऱ्या माणसांत कधी नुसताच चिडचिडेपणा किंवा असंबद्ध बोलणं दिसतं, आणि घरच्यांना ते वयाचं लक्षण वाटतं. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि 15 मिनिटांनी पुन्हा मोजावं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये, थेट दवाखाना. साखर वर आली तरी गाफील राहू नये: ग्लिमेपिराइडचा अंमल बराच वेळ टिकतो, त्यामुळे काही तासांनी ती पुन्हा घसरू शकते.

घटकांच्या ओळीत व्होग्लिबोज हे तिसरं नाव असेल तर मात्र घरातली साखर लवकर कामाला येत नाही. व्होग्लिबोज आतड्यात साखरेचं विघटन अडवतं, तेच त्याचं काम. तेव्हा हवं ते साधं ग्लुकोज. मेडिकलमध्ये पावडर मिळते, पण खोक्यावर वाचून घ्यावं; चवीच्या काही पावडरींत साखर मिसळलेली असते. तिन्ही औषधं एकत्र असलेल्या गोळ्या आपल्याकडे बऱ्याच खपतात. त्या घेणाऱ्या किती घरांत ग्लुकोजचा डबा आहे, असा मला प्रश्न पडतो.

मेटफॉर्मिनच्या सूचना वेगळ्या. उलट्या-जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालं, मोठा ताप आला, किंवा शिरेतून आयोडीनयुक्त रंगद्रव्य देऊन सीटी स्कॅन व्हायचा असेल, तर ‘मी मेटफॉर्मिन घेतो’ हे वाक्य डॉक्टरांना आणि स्कॅनच्या टेबलाशी सांगायचं. मूत्रपिंड अचानक मंदावलं तर औषध साठतं आणि क्वचित रक्तात लॅक्टिक आम्ल धोकादायक पातळीवर जातं. भरपूर दारू पिणाऱ्यांना हा धोका जास्त. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-12 कमी होऊ शकतं. तळपायांची बधिरता मधुमेहाची म्हणून सोडून देण्याआधी ती तपासणी करून घ्यावी, शाकाहाऱ्यांनी तर नक्कीच. अलीकडे स्वस्त झालेलं डापाग्लिफ्लोझिन सोबत असेल तर आणखी एक गोष्ट: आजारपणात खाणं सुटलं असताना साखर फार वाढलेली नसूनही रक्तात आम्ल साठू शकतं. नियोजित शस्त्रक्रियेच्या किमान तीन दिवस आधी ते थांबवतात, म्हणून भूलतज्ज्ञाला त्याचं नाव सांगावं.

हे सांगायला स्ट्रिप हातात हवी, आणि ती अर्धवट नको. चार-सहा गोळ्या सुट्या घेतल्या की दुकानदार पट्टी कापतो, आणि आपल्या तुकड्यावर कधी नाव उरतं, कधी तारीख. बॅच नंबर आणि मुदत बहुधा एकाच टोकाला छापलेली असतात. 03/2027 असं असेल तर 31 मार्चपर्यंत चालते. तेव्हा गोळ्या सोलताना दुसऱ्या टोकापासून सुरुवात करावी. सुट्याच घ्यायच्या असतील तर कापण्याआधी दुकानातच मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढावा. 1 ऑगस्ट 2023 पासून सर्वाधिक खपाच्या 300 ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. त्यात औषधाचं मूळ नाव, बॅच आणि मुदत असते. नव्या डॉक्टरांकडे जाताना मात्र घरातल्या झाडून सगळ्या स्ट्रिप पिशवीत घालून न्याव्यात, ‘त्या शुगरच्या नाहीत’ असं वाटणाऱ्यासुद्धा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी साखर घसरतानाची धडधड आणि थरथर झाकली जाते, घाम मात्र येतो.