जिभेच्या टोकाला गोड, मागे कडू?

जिभेचे चित्र, टोकावर ‘गोड’, त्यामागे दोन्ही कडांना ‘खारट’, आणखी मागे ‘आंबट’ आणि मुळाशी ‘कडू’. ही आकृती अन्नशास्त्राच्या गाइडांत अजूनही छापली जाते, विद्यार्थी ती घोकतात आणि सुबक काढतात. आकृती चुकीची आहे, आणि तिची चूक समजायला चिमूटभर मीठ पुरते. ते जिभेच्या टोकावर ठेवले की तिथेच खारट लागते.

हा गैरसमज आला कुठून? जर्मन संशोधक डेव्हिड हेनिग यांनी 1901 साली जिभेच्या कडेवर वेगवेगळ्या जागी गोड, खारट, आंबट आणि कडू द्रावणांचे थेंब ठेवले आणि चव कळायला किमान किती तीव्रता लागते ते मोजले. त्यांना फरक आढळले, पण लहान. टोकाला गोड जरा लवकर कळत होते, मुळाशी कडू. चारही चवी मात्र कडेवर सगळीकडे कळत होत्या. पुढे 1942 मध्ये मानसशास्त्रज्ञ एडविन बोरिंग यांनी आपल्या ग्रंथात ही माहिती आलेखरूपात मांडली. त्या आलेखाच्या उभ्या अक्षावरून फरक किती, हे कळत नव्हते. त्यामुळे जिथे रेषा खाली गेली तिथे ती चव कळतच नाही, असा अर्थ वाचणाऱ्यांनी घेतला. ‘थोडे कमी’ होते त्याचे ‘अजिबात नाही’ झाले. 1974 मध्ये व्हर्जिनिया कॉलिंग्ज यांनी मोजणी पुन्हा केली. फरक आढळले, पण तेही किरकोळच. त्यालाही आता पन्नास वर्षे झाली, तरी आकृती छापणे थांबलेले नाही!

चवी खरोखर वेगळ्या होतात त्या जागेने नव्हे, ग्राहींनी. जिभेवरच्या खरखरीत उंचवट्यांपैकी काहींत रुचिकलिका असतात. एका रुचिकलिकेत साधारण 50 ते 100 पेशी असतात आणि उमामीसह पाचही मूळ चवी ओळखणाऱ्या पेशी तिथे शेजारी शेजारी नांदतात. गोडासाठी T1R2 आणि T1R3 या प्रथिनांची जोडी लागते. कडूसाठी T2R कुळातले सुमारे 25 ग्राही आहेत, कारण कडू लागणारी रसायने तऱ्हेतऱ्हेची असतात. आंबट म्हणजे आम्लातले हायड्रोजन आयन. ते OTOP1 या मार्गाने पेशीत शिरतात. शिवाय रुचिकलिका मऊ टाळूवर आणि घशातही असतात. नकाशात त्यांना जागाच नाही.

याचा सर्वांत बोलका पुरावा आपल्याकडच्या रानात वाढतो. गुडमार, म्हणजेच मधुनाशिनी, या वेलीचे पान चावून सगळ्या जिभेवर फिरवावे, थुंकून द्यावे आणि चूळ भरावी. मग साखर तोंडात टाकली तर ती वाळूसारखी लागते. पानातली जिम्नेमिक आम्ले T1R3 ला चिकटतात आणि गोडाचा ग्राही बंद पाडतात. साधारण अर्ध्या तासात गोडी परतते. तोवर त्याच टोकावर मीठ ठेवले तर ते खारटच लागते आणि लिंबू आंबटच. टोक ‘गोडाचा भाग’ असते, तर गोडी गेल्यावर तिथे काहीच कळायला नको होते.

प्रयोगशाळेत नकाशा तपासताना एक चूक हमखास होते. कापसाच्या बोळ्याने द्रावण लावले की विद्यार्थी जीभ आत घेऊन उत्तर सांगतो. तेवढ्यात लाळेबरोबर द्रावण सगळीकडे पसरते आणि निष्कर्ष निरर्थक ठरतो. म्हणून जीभ बाहेर ठेवूनच, समोरच्या कार्डावर बोट ठेवून उत्तर द्यायचे आणि दर वेळी साध्या पाण्याने चूळ भरायची. जिभेच्या पृष्ठभागाच्या मधोमध रुचिकलिका जवळपास नसतात, तेव्हा तिथे काही कळले नाही तर नकाशा खरा ठरत नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. तिखट ही मूळ चव नाही; मिरचीतले कॅप्सेसिन उष्णता व वेदना ओळखणाऱ्या TRPV1 ला जागे करते, म्हणूनच मिरची डोळ्यालाही झोंबते. जांभळाचा तुरटपणा बहुतांशी स्पर्शाचा आहे, टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना बांधून तोंड कोरडे करतात. उमामी ही जाहिरातीने काढलेली चव नव्हे. किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये जपानी समुद्रशेवाळाच्या रसातून ग्लुटामेट वेगळे करून ती दाखवली.

आणि स्वाद म्हणजे केवळ जिभेची चव, हे उत्तरही अपुरे आहे. नाक चिमटीत धरून वेलदोड्याचे श्रीखंड खाल्ले तर गोड, आंबट आणि थंडगारपणा कळतो, वेलदोडा जवळजवळ नाहीसा होतो. नाक सोडून श्वास बाहेर टाकला की घशामागून वास नाकात चढतो आणि वेलदोडा लगेच ओळखू येतो. सर्दीत जेवण बेचव लागते तेही बहुधा याच वाटेच्या अडथळ्यामुळे. आमटीतले मीठ तेव्हाही कळतेच.