चुकांचा जमाखर्च

मार्चअखेर ताईकडे गेलो, तेव्हा भाची जीसीएसई गणिताच्या जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन बसली होती. तीन पेपर, प्रत्येकी ८० गुण, एकूण २४०. त्यांपैकी ८४ गुण गेले होते. "मामा, बहुतेक सिली मिस्टेक्सच आहेत," ती म्हणाली. परीक्षेला सहा आठवडे उरले होते.

आम्ही सॉफ्टवेअरवाले दोष दुरुस्त करण्याआधी त्याचे कारण शोधतो. तेच येथे केले. चुकलेली उदाहरणे तिने दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर, उत्तरे न पाहता आणि घड्याळ न लावता पुन्हा सोडवली. आता सरळ बरोबर आले, तर आधीची चूक निष्काळजीपणाची. रीत बरोबर पण आकडा चुकला, तर आकडेमोडीची. सुरुवातच जमेना किंवा तीच चुकीची रीत पुन्हा आली, तर संकल्पनेची.

एक उदाहरण पाहा. २० टक्के व्हॅट धरून वस्तूची किंमत ६० पौंड, तर व्हॅटविना किती? तिने ६० चे २० टक्के, म्हणजे १२ वजा करून ४८ लिहिले होते. दुसऱ्या दिवशीही ४८च! पण ४८ वर २० टक्के व्हॅट लावला, तर ५७ पौंड ६० पेन्स होतात. व्हॅट मूळ किमतीवर लागतो, म्हणून ६० ला १.२ ने भागायचे, उत्तर ५०. वजाबाकी अचूक होती, टक्के कशाचे हे कळले नव्हते. सेलमधल्या किमतीच्या उदाहरणातही तिची हीच चूक निघाली.

मग चुकांची संख्या न मोजता गेलेले गुण मोजले. संकल्पनेचे ४६, आकडेमोडीचे २२, निष्काळजीपणाचे १६. रीतीला वेगळे गुण असल्याने आकडेमोडीत सहसा एखादाच गुण जातो. संकल्पना चुकली की बहुधा सगळे उदाहरणच जाते.

आठवड्याला ५ तास, म्हणजे ३० तास हाती होते. २० तास संकल्पनेला दिले: उलट टक्केवारी, वर्तुळाची प्रमेये आणि सदिश, एका वेळी एकच विषय. पहिला पेपर कॅल्क्युलेटरविना असतो, म्हणून रोज १० मिनिटे अपूर्णांक आणि ऋण चिन्हांची तोंडी-लेखी आकडेमोड. त्याचे ७ तास. उरलेल्या ३ तासांत न पाहिलेले दोन पूर्ण पेपर, घड्याळ लावून. निष्काळजीपणाला वेगळा अभ्यास नाही. एकक आणि 'किती दशांश स्थळांपर्यंत' हे प्रश्नात अधोरेखित करायचे आणि शेवटची ५ मिनिटे तेवढेच तपासायचे.

एक सावधगिरी: वेळ न पुरल्याने राहिलेली उदाहरणेही आधी घड्याळाविना सोडवून पाहावीत. "वेळच नव्हता" या सबबीखाली न समजलेला भाग सहज लपतो.